मेंढराच्या नरड्यात शितांएवढे पांढरे दाणे: मटण टाकायचं की कुत्र्यांना घालायचं?

मेंढरामागं (रविवार, रात्री 9:40)
नमस्कार मंडळी. मी कागल तालुक्यातला. साठ-पासष्ट दख्खनी मेंढरं हायत आणि राखणीला तीन कुत्री. काल गावच्या जत्रेला घरचंच एक मेंढरू कापलं, चारएक वर्षांचं. सोलताना नरड्याच्या नळीवर भाताच्या शितांसारखे पांढरे दाणे दिसले. मोजले नाहीत, पण पंधरा-वीस तरी असतील. नखानं दाबलं तर घट्ट, फोडला तर आत दुधासारखं पांढरं. बाकी मांस लालभडक, चांगलं होतं.

वडील म्हणाले, "हे नेहमीचंच हाय, नळी कुत्र्यांना टाका." नळी, फुप्फुस आणि पडद्याच्या कातरणी कुत्र्यांनी खाल्ल्यापण. पाहुण्यांनी रस्सा वरपला. आता बायकोच्या डोक्यात भुंगा बसलाय की पोरांनी पण खाल्लंय. कुणाला माहीत हाय का हे काय असतं? फोटो खाली टाकलाय.

इचलकरंजीकर (रविवार, रात्री 10:05)
भावा, हे टेपवर्म. पट्टकृमी. अशा मटणातून माणसाच्या मेंदूत जंत जातात. उरलेलं सगळं पुरून टाक. आणि कुत्र्यांना उद्याच जंताची गोळी दे, विषय संपला.

रस्सावाली_राजारामपुरी (रविवार, रात्री 10:20)
अगंबाई. आत्ताच दोन वाट्या पांढरा रस्सा पिऊन मोबाईल हातात घेतला. या धाग्याला "जेवण झाल्यावर उघडू नये" अशी पाटी लावा हो कुणीतरी.

शेळीपालन_हौशी (रविवार, रात्री 10:31)
आमच्या कुत्र्याच्या विष्ठेत पण असेच भाताचे दाणे येतात आणि ते हलतात सुद्धा! डॉक्टरांनी गोळी दिली, गेले. तुमच्या कुत्र्याला तीच द्या.

मेंढरामागं (रविवार, रात्री 10:38)
दादा, माझ्या कुत्र्याच्या नाही, मेंढराच्या नरड्यात सापडलेत. नीट वाचा की.

गुरांचा_दाक्तर (सोमवार, सकाळी 6:50)
निवृत्त पशुवैद्यक आहे. तीस वर्षं याच जिल्ह्यात गोठे आणि वाडे फिरलो. फोटोवरून शिक्का मारणार नाही, पण जागा, आकार आणि आतलं दूध बघता ही सार्कोसिस्टिसची गाठ दिसते. मेंढराच्या अन्ननलिकेवर डोळ्यांना दिसणारी जी जात असते तिचं नाव जायगँटिया. हा जंत नव्हे, एकपेशीय परजीवी आहे. त्या दुधात केळ्याच्या आकाराचे लाखो सूक्ष्म जीव असतात.

आधी घरच्या बाईंना सांगा की पोरांना काही होणार नाही. मेंढराच्या मांसातल्या सार्कोसिस्टिसचं पुढचं घर माणूस नाही. शिवाय जत्रेचा रस्सा तास-दोन तास चुलीवर रटरटलेला असतो, त्यात काही जिवंत राहत नाही.

इचलकरंजीकर, तुमचा पट्टकृमी वेगळा. माणसाच्या मेंदूत जाणारा तो डुकराचा. आणि तोही मेंदूत जातो तो मांसातून नव्हे, तर माणसाच्या विष्ठेतली अंडी पोटात गेल्यावर. मांसातली गाठ खाल्ली तर आतड्यात जंत वाढतो, एवढंच. डुकराच्या मांसातली त्याची गाठ म्हणजे पाण्याचा फुगा असतो आणि आत एक पांढरा ठिपका दिसतो. इथं आत पाणी नाही, दूध आहे. फरक हातालाही कळतो.

आता खरी गोष्ट. जे दिसलं ते निरुपद्रवी. जे दिसलं नाही त्याचा विचार करा.

मेंढरामागं (सोमवार, सकाळी 7:15)
जीवात जीव आला डॉक्टरसाहेब. पण दिसलं नाही म्हणजे काय? अजून काय असतंय त्यात?

गुरांचा_दाक्तर (सोमवार, सकाळी 8:30)
चहा घेऊन बसलो, सविस्तर लिहितो.

या परजीवीला जगायला दोन घरं लागतात. एक चरणारं जनावर आणि दुसरं त्याचं मांस खाणारं. चरणाऱ्याच्या स्नायूत गाठ होते. मांस खाणाऱ्याच्या आतड्यात त्याची वीण होते आणि विष्ठेतून बाहेर पडते. मेंढराकडून मेंढराला हा रोग लागत नाही, कुत्र्याकडून कुत्र्यालाही नाही. एका घरातून दुसऱ्या घरात गेल्याशिवाय त्याचं पुढचं पाऊल पडत नाही. 1843 साली स्वित्झर्लंडमध्ये मीशर यांना उंदराच्या स्नायूत या गाठी पहिल्यांदा दिसल्या. पण दुसरं घर कुठलं हे कळायला 1972 उजाडलं. तेव्हा जर्मनीत रोमेल आणि हायडॉर्न यांनी कच्चं मांस खाऊ घालून ते दाखवलं. म्हणजे सव्वाशे वर्षं लोक तुमच्यासारखेच गाठीकडं बघत बसले होते.

तुम्हाला दिसलेल्या मोठ्या गाठीचं दुसरं घर मांजर. ती मेंढराला फारसा त्रास देत नाही. तिचं पाप एवढंच की दिसायला घाण दिसते आणि खाटीक नळी फेकून देतो.

पण मेंढरात दुसरी एक जात असते, टेनेला. तिचं दुसरं घर कुत्रा. तिच्या गाठी डोळ्यांना दिसतच नाहीत. हृदयात, पडद्यात, जिभेत, सगळ्या स्नायूत असतात आणि मांस अगदी लालभडक, ताजं दिसतं. मेंढराला आजारी पाडते ती ही. तुम्ही कुत्र्यांना टाकलेल्या पडद्याच्या कातरणीत ती असण्याची शक्यता फार मोठी, कारण जिथं कुत्री आणि मेंढरं एकत्र राहतात तिथं मोठ्या झालेल्या बहुतेक मेंढरांत ती सापडते.

मांजराच्या गाठीमुळं तुम्ही घाबरलात आणि नळी कुत्र्यांना टाकलीत. कुत्र्याला मांजराची जात लागत नाही. लागलं असलं तर त्याच तुकड्यांतलं न दिसणारं लागलं.

वडगावची_गाय (सोमवार, सकाळी 9:10)
डॉक्टर, मधेच विचारते, माफ करा. आमच्याकडं चार होल्स्टिन गाई. त्यातली एक सहाव्या महिन्यात गाभडली. मागच्या वर्षीही तीच, पाचव्याला. गोठ्यात दोन भटकी कुत्री कायम पडलेली असतात. वार आणि मेलेलं वासरू त्यांनीच ओढून नेलं. हे पण सार्कोसिस्टिसच असेल ना? गाईला होतं का हे?

गुरांचा_दाक्तर (सोमवार, सकाळी 11:25)
गाईला होतं. तिच्यातली कुत्र्याकडून येणारी जात म्हणजे क्रुझी. कॅनडात डालमेनी गावाजवळच्या एका कळपात 1961 मध्ये गाई एकदम आजारी पडल्या: ताप, रक्त कमी, गाभ टाकणं, शेपटीचा गोंडा झडून उंदरासारखी शेपूट. कारण कळायला पुढं बरीच वर्षं गेली.

पण ताई, तुमच्या गाईबद्दल माझा पहिला संशय सार्कोसिस्टिसवर नाही. तीच गाय लागोपाठ दोन वर्षं पाचव्या-सहाव्या महिन्यात टाकते आणि कुत्री वार खातात, म्हटल्यावर निओस्पोरा तपासून घ्या. त्याचंही दुसरं घर कुत्राच, पण तो आईकडून पोटातल्या वासराला जातो, म्हणून एकाच गाईत पुन्हा पुन्हा दिसतो. सार्कोसिस्टिसनं गाभडलेल्या गाईचं बहुधा असं होत नाही, एकदा आजार काढला की तिला बरीच प्रतिकारशक्ती येते. ब्रुसेलाही वगळायला हवा. तो जरा उशिरा, सातव्यानंतर जास्त दिसतो. रक्ताचा नमुना द्या. आणि पुढच्या वेळी वार उघड्या हातानं उचलू नका.

वडगावची_गाय (सोमवार, सकाळी 11:40)
उघड्या हातानंच उचलली होती. बरं, रक्त देते. आणि दूध? पोरं दूध पितात त्याच गाईचं.

गुरांचा_दाक्तर (सोमवार, सकाळी 11:52)
सार्कोसिस्टिस दुधातून येत नाही. ब्रुसेला येतो. उकळूनच प्या.

मेंढरामागं (सोमवार, दुपारी 2:30)
डॉक्टरसाहेब, तुमचं वाचून गेल्या वर्षीचं आठवलं. गेल्या वर्षी पण जत्रा फेब्रुवारीच्या 10 तारखेच्या आसपास होती. तेव्हा दोन मेंढरं कापली आणि कातरण कुत्र्यांनाच घातलं. मग मार्च संपता संपता सात-आठ मेंढ्या मलूल झाल्या. चारा तोंडात धरीनात, ताप, डोळ्यांच्या आतली कड पांढरी. दोघींची लोकर मुठीत यायला लागली. तिघींनी गाभ टाकला. आम्ही वाऱ्याचं म्हणून इंजेक्शन केलं, काही बऱ्या झाल्या, एक मेली. हे तेच का?

गुरांचा_दाक्तर (सोमवार, सायंकाळी 5:10)
हिशेब करून बघू.

कुत्र्यानं 10 फेब्रुवारीला कच्चं खाल्लं. साधारण दहाव्या दिवसापासून, म्हणजे 20 तारखेच्या सुमारास, त्याच्या विष्ठेतून बीजकोश पडायला लागतात. ते पडतानाच पिकलेले असतात, मातीत मुरायला वेळ लागत नाही. पुढं काही आठवडे, कधी दोन महिन्यांहून जास्त पडत राहतात. कुत्रा मात्र ठणठणीत असतो, शेपूट हलवत फिरतो. म्हणून कुणाला संशयच येत नाही.

मेंढीनं ते गवतासोबत किंवा पाण्यातून घेतले की परजीवी आतड्यातून रक्तवाहिन्यांच्या अस्तरात शिरतो आणि तिथं वाढतो. आजारपण या टप्प्यात येतं, पोटात गेल्यापासून तीन-चार आठवड्यांनी. ताप, रक्त कमी होणं, लोकर सुटणं, गाभ टाकणं, हे सगळं रक्तवाहिन्यांतल्या धुमाकुळानं होतं. स्नायूत गाठ नंतर बसते आणि कुत्र्याला लागण करण्याइतकी पिकायला अडीचेक महिने लागतात. तोवर मेंढी एकतर मेलेली असते किंवा बरी झालेली.

फेब्रुवारीच्या शेवटी मेंढ्यांनी घेतलं असेल तर मार्चच्या शेवटी आजार. तुमच्या तारखा बसतात, लोकर सुटणं पण बसतं.

तरी "हेच" असं मी म्हणणार नाही. मेंढीचा गाभ पडायला दहा कारणं असतात. टोक्सोप्लाझ्मा मांजराकडून येतो, शिवाय ब्रुसेला आहे, पीपीआर आहे, नुसती उपासमारही आहे. मार्चमध्ये आपल्याकडं रान करपलेलं असतं आणि कडक उन्हात कोरड्या जागी बीजकोश फार टिकत नाहीत. ते टिकतात ओल्यात. तुमची कुत्री पाण्याच्या डोणीजवळ किंवा वाड्याच्या सावलीत घाण करतात का, हे बघा. आणि एक-दोन बीजकोशांनी काही होत नाही, उलट थोडी प्रतिकारशक्तीच येते. भारी आजार येतो तो एकदम लाखांच्या घरात पोटात गेले तर. एक कुत्रा तेवढे सहज देतो.

मेंढरामागं (सोमवार, सायंकाळी 5:45)
डोणीजवळच तर तिघं झोपतात. गारव्याला.

इचलकरंजीकर (सोमवार, सायंकाळी 6:20)
ठीक, पट्टकृमीचं माझं चुकलं. पण कुत्र्यांना जंताची गोळी दर तीन महिन्यांनी द्यायचीच ना? मेंढराला गिड लागतो, चक्कर येऊन गोल फिरतं, तो कुत्र्याकडूनच येतो. आमच्या मामाच्या कळपात झालेला.

गुरांचा_दाक्तर (सोमवार, सायंकाळी 7:00)
गिडाबाबत शंभर टक्के बरोबर, आणि ती गोळी बंद करू नका. पण प्राझिक्वाँटेलनं पट्टकृमी मरतो, सार्कोसिस्टिस नाही. गोळी दिली म्हणून कच्चं घातलं तर चालतं, असा अर्थ काढू नका. आणि कुत्र्याला याची प्रतिकारशक्ती जवळजवळ येतच नाही. यंदा झालं, पुढच्या जत्रेला पुन्हा कच्चं खाल्लं की पुन्हा नव्यानं सुरू. मेंढरासाठीही बाजारात लस नाही.

बंद करायची जागा एकच आहे, कुत्र्याच्या तोंडात जाणारा कच्चा तुकडा. गिडाचंही तेच, फक्त तिथं मेंढराचं डोकं सांभाळायचं.

बर्लिनचा_कोल्हापूरकर (सोमवार, रात्री 11:50)
मी बर्लिनमध्ये असतो. इथं लोक डुकराचा कच्चा खिमा पावावर लावून वर कांदा टाकून खातात, त्याला मेट म्हणतात. ऑफिसातल्यांनी आग्रह केला म्हणून गेल्या वर्षी खाल्ला. त्याच रात्री उलट्या, जुलाब, पोटात मुरडा. दोन दिवसांत बरा झालो. डुकरातून माणसाला हे होतं का? डॉक्टरांनी वरती "मेंढरातलं माणसाला नाही" एवढंच लिहिलंय, म्हणून विचारतोय.

गुरांचा_दाक्तर (मंगळवार, सकाळी 7:20)
प्रश्न नेमका विचारलात. मेंढराच्या गोष्टीत कुत्रा जिथं उभा आहे, तिथं गाय आणि डुक्कर यांच्या काही जातींत माणूस उभा असतो. गाईतली होमिनिस आणि डुकरातली सुइहोमिनिस, या दोन्हींचं दुसरं घर आपण. कच्चं मांस आपण खातो, वीण आपल्या आतड्यात होते आणि बीजकोश आपल्या विष्ठेतून पडतात. पूर्वी माणसाच्या विष्ठेत ते दिसायचे तेव्हा तो माणसाचाच वेगळा परजीवी समजून त्याला वेगळं नावही दिलं होतं. मांसातल्या गाठीशी त्याचा संबंध आहे हे 1972 नंतर उलगडलं.

डुकराच्या मांसातून येणारा त्रास जास्त जोराचा असतो आणि तो एका दिवसाच्या आत सुरू होऊ शकतो. मळमळ, पोटदुखी, जुलाब. तुमची वेळ जुळते. पण कच्च्या खिम्यातून साल्मोनेला आणि बाकी चार जंतूही असंच करतात. दोन आठवड्यांनी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली बघितली असती तर बीजकोश दिसले असते. आता वर्षानं काही कळणार नाही. बहुतेकांना तर काही त्रासच होत नाही.

आणि उलटी बाजू लक्षात घ्या. डुकराला हे आपल्याकडून लागतं. डुकराच्या पोटात माणसाची विष्ठा गेली नाही तर सुइहोमिनिस डुकरात येऊच शकत नाही. आपल्याकडं मोकळी फिरणारी डुकरं आणि उघड्यावर बसणारी माणसं एका ओढ्याकाठी असायची, तेव्हा ही साखळी आपणच चालवत होतो. डुकराला कुत्र्याकडून येणारी वेगळी जात आहे, ती माणसाला लागत नाही.

रस्सावाली_राजारामपुरी (मंगळवार, सकाळी 8:05)
म्हणजे कुत्र्याला आपण नावं ठेवतोय आणि डुकराच्या बाबतीत कुत्रा आपणच! धन्य. बरं, घरी म्हशीचं किंवा डुकराचं आणलं तर किती शिजवायचं ते सांगा. "नीट शिजवा" म्हणू नका, ते आई पण म्हणते.

गुरांचा_दाक्तर (मंगळवार, सकाळी 8:40)
डुकराच्या मांसावर आपल्याच देशात हे तपासून 1990 मध्ये छापलं गेलं आहे. 60 अंशांना 20 मिनिटं, 70 ला 15 मिनिटं, 100 ला 5 मिनिटं धरल्यावर गाठी निकामी झाल्या. फ्रीझरमध्ये उणे 20 ला एक दिवस ठेवलं तरी निकामी. ही उष्णता तुकड्याच्या मधोमध पोचायला हवी, वरून करपून आत गुलाबी राहिलं तर मोजायची नाही. आपल्या कुकरच्या चार शिट्ट्यांत याच्या कितीतरी पुढं जातो आपण. भीती आहे ती निखाऱ्यावर अर्धवट भाजलेल्या तुकड्यांची.

मेंढरामागं (बुधवार, रात्री 8:15)
मंडळी, खबर. मेंढराच्या पडद्याचा एक तुकडा अजून फ्रीजात होता. तो घेऊन तपासायच्या ठिकाणी गेलो. तिथल्या मॅडमनी तांदळाएवढा तुकडा दोन काचांत दाबून चिरडला आणि सूक्ष्मदर्शकाखाली मला पण दाखवला. स्नायूच्या धाग्यांमधे लांबट पिशव्या, एकाच तुकड्यात पाच. मांसावर डोळ्यांनी काहीच दिसत नव्हतं!

म्हणजे गेल्या वर्षीचं पण तेच होतं, हे पक्कं झालं का?

गुरांचा_दाक्तर (बुधवार, रात्री 9:05)
पक्कं झालं ते एवढंच की तुमच्या कळपात हा परजीवी आहे आणि तुमची कुत्री तो फिरवत असणार. पिशवीवरून जात ठरवायला तिची भिंत बारकाईनं बघावी लागते. गेल्या वर्षीची मेंढी याच कारणानं मेली, हे या काचेवरून म्हणता येत नाही. उद्या तुमच्या ठणठणीत मेंढ्या कापल्या तरी बहुतेकींत अशाच पिशव्या दिसतील. मेली तेव्हा तिची मूत्रपिंडं, हृदय आणि मेंदूचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये ठेवले असते तर रक्तवाहिन्यांत तो आजाराचा टप्पा सापडला असता. टाकलेल्या कोकरात बघून उपयोग नसतो, त्यात हा बहुतेक वेळा सापडतच नाही.

यंदा कुत्र्यांनी शनिवारी खाल्लंय. म्हणजे पुढच्या मंगळवार-बुधवारपासून पुढचे दोन-तीन महिने सांभाळायचे. कुत्री डोणीपासून आणि चाऱ्याच्या गंजीपासून लांब बांधा. विष्ठा रोज उचलून खड्ड्यात पुरा. फिनेल ओतून भागत नाही, बीजकोश त्याला जुमानत नाहीत. डोणीचा कठडा उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात कोरडा पडू द्या. गाभण मेंढ्यांना शक्य असेल तर वेगळ्या जागी पाणी पाजा.

मेंढरामागं (बुधवार, रात्री 9:30)
कुत्री बांधली तर राखण कोण करणार? रात्री लांडगा येतोय आमच्यात, थट्टा नाही.

धनगरवाड्याची_सून (बुधवार, रात्री 10:10)
डॉक्टरांचं बरोबर आहे, पण वाटेवर असताना मेंढरू मेलं की पुरायचं कुठं? दुसऱ्याच्या रानात खड्डा खणला तर मालक काठी घेऊन येतो. उघड्यावर टाकलं की गावची कुत्री तुटून पडतात. आपली तीन बांधली तरी त्या गावातल्या दहा कुत्र्यांचं काय? आमच्या सासऱ्यांनी जत्रेचं कातरण तेवढं उकळून घालायची सवय लावली, जळण आपलंच. पण वाटेवरचं मेलेलं, त्याला आमच्याकडं उत्तर नाही.

गुरांचा_दाक्तर (गुरुवार, सकाळी 7:00)
माझ्याकडंही पूर्ण उत्तर नाही, सूनबाई. काटेरी झुडपानं झाकणं हा अर्धा उपाय, कुत्री ते दोन दिवसांत उकरतात. दोन-तीन वाडे मिळून गायरानात एक खोल खड्डा आधीच ठरवून ठेवला तर काही होईल.

राखणीचं म्हणाल तर रात्री कुत्री सोडा, पण दिवसा डोणीपाशी नको. तिथली गारव्याची जागा मोडा, सावली दुसरीकडं करून द्या. कुत्रं जिथं झोपतं त्याच्या आसपासच घाण करतं.

मेंढरामागं (गुरुवार, रात्री 8:50)
आज डोणीवरचं छप्पर काढलं आणि बाभळीखाली पोती अंथरली. दोन कुत्री गेली तिकडं. म्हातारं मात्र अजून डोणीलाच चिकटून हाय, उचलून नेलं तरी परत येतंय.

वडिलांना सांगितलं की इथून पुढं कातरण उकळून घालायचं. ते म्हणाले, "कुत्र्यासाठी वेगळी चूल? उद्या त्याला तांबडा रस्सा पण मागशील." भाकरी-ताकावर भागवू म्हणतायत. चालंल का डॉक्टर, का कुत्री वाळतील?

गुरांचा_दाक्तर (गुरुवार, रात्री 9:15)
चालेल. अधूनमधून उकडलेलं अंडं द्या. आणि म्हाताऱ्याला साखळी घाला.